सहा लेयर तेच, वेट तेवढीच, मग दोन मॅक्सपूल घातल्यावर घ आणि ध वेगळे कसे दिसायला लागले?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

देवनागरी हस्ताक्षरातली सुटी अक्षरं ओळखणारं एक छोटं नेटवर्क लिहितेय. डेटा यूसीआयवर मिळतो तो, नेपाळमध्ये तयार झालेला. ३२ × ३२ पिक्सेलची करडी चित्रं, ३६ व्यंजनं आणि १० अंक असे ४६ वर्ग, एकूण ९२,००० चित्रं. नेपाळचा असल्यामुळे त्यात ळ नाही, ते दुःख वेगळं.

नेटवर्क अगदी साधं आहे. एकापाठोपाठ सहा कन्व्होल्यूशन लेयर, सगळे ३ × ३, स्ट्राइड १, कडेला एक पिक्सेल पॅडिंग. चॅनल १६, १६, ३२, ३२, ६४, ६४. शेवटी प्रत्येक चॅनलची पूर्ण चित्रभर सरासरी आणि त्यावर ४६ वर्गांचा एक लिनियर लेयर. बरीचशी अक्षरं नीट ओळखली जातात, पण घ-ध आणि भ-म या दोन जोड्यांमध्ये सतत गफलत. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या लेयरनंतर २ × २ चा मॅक्सपूल घातला, म्हणजे एकूण दोन. गफलत बरीच कमी झाली.

माझी अडचण अशी. सहा कन्व्होल्यूशन लेयरची मिळून वेट ७१,७९२ होती, ती तेवढीच राहिली. मॅक्सपूलला स्वतःचं शिकण्यासारखं काहीच नसतं. उलट ३२ × ३२ चं ८ × ८ झालं, म्हणजे माहिती फेकलीच. मग सुधारणा आली कुठून? आणि त्याच्या आधीचा प्रश्न: पहिल्या लेयरमध्ये फक्त १६० आकडे आहेत आणि त्यातून १६,३८४ आकडे बाहेर पडतात. हे कोणी नीट समजावेल का?

---

तडकाफडकी

सोपं आहे. वेट शेअर होतात म्हणून अक्षर चित्रात कुठेही असलं तरी उत्तर तेच येतं. आणि स्ट्राइड २ किंवा पूलिंग घातलं की रिसेप्टिव्ह फील्ड दुप्पट होतं. तुमचे दोन पूल, म्हणजे चौपट. हाकानाका.

---

जुनाखांब

तडकाफडकी, दोन्ही वाक्यं अर्धी बरोबर आहेत आणि उरलेल्या अर्ध्यातच ताईंचं उत्तर आहे.

आधी १६० चा हिशोब. पहिल्या लेयरमध्ये १६ फिल्टर. प्रत्येकात ९ वेट आणि १ बायस, १६ × १० = १६०. एक फिल्टर म्हणजे ९ आकड्यांची एकच खिडकी, ती चित्राच्या १,०२४ जागांवर ठेवायची आणि प्रत्येक जागी बेरीज काढायची. जागा बदलते, आकडे बदलत नाहीत. १६ फिल्टर गुणिले १,०२४ जागा, हे तुमचे १६,३८४. प्रत्येक जागेला स्वतःची वेगळी वेट दिली असती तर याच लेयरला १,६३,८४० आकडे लागले असते.

इथे दोन गोष्टी सहसा निसटतात. एक, शेअरिंगमुळे आकडे वाचतात, गुणाकार वाचत नाहीत. १,०२४ जागांवर प्रत्येकी ९ गुणाकार करावेच लागतात, वेट सामायिक असोत वा नसोत. दुसरी शिकण्याच्या वेळची. बॅकवर्ड पासमध्ये एका वेटचा ग्रेडियंट म्हणजे सगळ्या १,०२४ जागांवरून आलेल्या ग्रेडियंटची बेरीज. फिल्टर 'आडवी रेघ इथे संपते' हे शिकत असेल तर एका चित्रात जिथे जिथे रेघ संपते तिथून त्याला धडा मिळतो. वर्गामागे प्रशिक्षणाची चित्रं १,७००, पण फिल्टरला मिळणारी उदाहरणं त्याच्या कित्येक पट.

आता 'कुठेही असलं तरी उत्तर तेच'. नाही. शेअरिंगमुळे एवढंच होतं की अक्षर एक पिक्सेल उजवीकडे सरकलं तर फीचर मॅपसुद्धा एक पिक्सेल उजवीकडे सरकतो. उत्तर तेच राहत नाही, उत्तर सोबत सरकतं. ते 'तेच' होतं शेवटच्या पूर्ण चित्रभराच्या सरासरीमुळे.

रिसेप्टिव्ह फील्डचा हिशोब संध्याकाळी लिहितो, त्याला जागा लागेल.

---

उसाचं_रान

चांगला धागा. माझाबी असाच घोळ झालाय म्हणून इथंच विचारतो. मी कोल्हापूरकडचा, सेंटिनेल-२ च्या फोटोंवरनं ऊस आणि बाकीची पिकं वेगळी काढायचं काम करतोय. त्यात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर १० मीटर. कुणीतरी सांगितलं, रिसेप्टिव्ह फील्ड वाढवायचं तर इनपुट मोठा द्या. म्हणून प्रत्येक तुकडा चौपट मोठा करून दिला. निकाल सुधारायचा सोडून घसरला. नेटवर्कला हात लावलेला नाही. असं का?

---

जुनाखांब

संध्याकाळपर्यंत थांबलो नाही, कारण रानसाहेबांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं.

रिसेप्टिव्ह फील्ड म्हणजे इनपुटचा आकार नव्हे. शेवटच्या लेयरमधला एक न्यूरॉन इनपुटचे किती पिक्सेल पाहू शकतो, एवढंच. ते फक्त लेयर किती, फिल्टर किती पसरलेले आणि स्ट्राइड किती यांवर ठरतं. चित्र कितीही मोठं दिलंत तरी पिक्सेलमध्ये मोजलं तर ते तेवढंच.

समजा तुमच्या नेटवर्कचं ३२ पिक्सेल आहे. १० मीटरच्या पिक्सेलला ते जमिनीवर ३२० मीटर होतं. बांध, शेजारचं रान, ओढा, सगळं एका नजरेत. तुम्ही चित्र चौपट ताणलंत, म्हणजे एक पिक्सेल अडीच मीटरचा झाला. नवीन माहिती काही आली नाही, कारण उपग्रहाने पाहिलं तेवढंच. पण न्यूरॉन अजून ३२ पिक्सेलच पाहतोय, म्हणजे आता ८० मीटर. रिसेप्टिव्ह फील्ड वाढवायला गेलात आणि जमिनीवर ते चौथाई केलंत.

आता ताईंचा हिशोब. दोन आकडे सोबत घेऊन चालायचं. `r` म्हणजे आत्तापर्यंतचं रिसेप्टिव्ह फील्ड. `j` म्हणजे या मॅपवर एक घर सरकलो तर मूळ चित्रावर किती पिक्सेल सरकतो. सुरुवातीला दोन्ही १.

```python
def rf(layers):
    r, j = 1, 1
    for k, s in layers:
        r += (k - 1) * j
        j *= s
        print(k, s, r, j)

rf([(3,1)] * 6)
rf([(3,1), (3,1), (2,2), (3,1), (3,1), (2,2), (3,1), (3,1)])
```

पहिल्या ओळीत प्रत्येक लेयर २ ची भर घालतो: ३, ५, ७, ९, ११, १३. तुमचं जुनं नेटवर्क १३ वर थांबलं. दुसऱ्यात ३, ५, मग पूलमुळे ६. पण आता `j` २ झाला, म्हणून पुढचे दोन लेयर प्रत्येकी ४ ची भर घालतात: १०, १४. दुसरा पूल १६ करतो आणि `j` ४ होतो. शेवटचे दोन लेयर प्रत्येकी ८ ने वाढवतात: २४, ३२.

म्हणजे १३ चं ३२ झालं. चौपट नाही, साधारण अडीचपट. पूलने स्वतः फक्त १ आणि २ ची भर घातली. खरी वाढ त्याच्या नंतरच्या लेयरनी केली, आणि त्यासाठी त्यांना एकही जादा वेट लागलं नाही. तेच ३ × ३, फक्त त्यांच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन घरांत आता मूळ चित्रावर आधी २ आणि मग ४ पिक्सेलचं अंतर आहे.

गंमत म्हणजे १९९८ च्या लेनेट-५ मध्येही हाच ३२ येतो. इनपुट ३२ × ३२, ५ × ५ चे कन्व्होल्यूशन आणि मध्ये दोन २ × २ चे पूल: ५, ६, १४, १६, ३२. तिसरा कन्व्होल्यूशन लेयर अख्खं चित्र बरोबर कडेपर्यंत पाहतो.

---

तडकाफडकी

बरं. मग स्ट्राइड २ कुठल्याही लेयरला दिला तरी चालेल ना? पूलची भानगडच नको.

---

जुनाखांब

कुठल्याही नाही. वरच्या कोडमध्ये ओळींचा क्रम बघा. `r` आधी वाढतो, `j` नंतर. लेयरचा स्ट्राइड त्या लेयरचं स्वतःचं रिसेप्टिव्ह फील्ड बदलत नाही, पुढच्यांचं बदलतो. सहाव्या लेयरला स्ट्राइड २ दिलात तर उत्तर १३ च येईल, मॅप मात्र अर्धा होईल. पहिल्याला आणि तिसऱ्याला दिलात तर ३, ७, ११, १९, २७, ३५. तेच दोन स्ट्राइड, जागा वेगळी.

पण पहिल्याच लेयरला स्ट्राइड २ म्हणजे बारीक रेघ कुठे मोडली हे नीट पाहायच्या आत निम्म्या जागा सोडून दिल्या. फोटोंमध्ये हे खपून जातं. या डेटामधली रेघ दोन-तीन पिक्सेल जाडीची, तिथे मी नाही देणार.

---

पाटीपेन्सिल

१३ आणि ३२ समजले, आभार. पण एक खटकतंय. घ आणि ध मधला फरक तर अगदी छोटा. ध ची शिरोरेषा डावीकडे नसते, घ ची असते. भ-म चंही तेच. त्या फटीसाठी १३ पिक्सेलची खिडकी पुरायला हवी होती. ३२ कशाला लागावेत?

---

जुनाखांब

प्रश्न आवडला. १३ पिक्सेलच्या खिडकीतून बघा. ध मध्ये काय दिसतं? आडवी रेघ येते आणि डावीकडे संपते. घ मध्ये? तिथेही रेघ डावीकडे संपतेच, फक्त अक्षराच्या अगदी कडेला. 'रेघ संपली' ही खूण दोन्हीकडे हजर. फरक हा की ध मध्ये ती संपते तिच्या डावीकडे खाली अजून अक्षराचा गोलवा शिल्लक असतो, घ मध्ये पुढे कोरा कागद असतो. म्हणजे रेघेचं टोक आणि अक्षराची डावी कड, दोन्ही एकाच न्यूरॉनला एकत्र दिसायला हवीत. लोक ध चा डोक्यावरचा भाग ऐसपैस लिहितात, त्यात १३ पिक्सेल कमी पडू शकतात.

आणि तुमच्या नेटवर्कमध्ये शेवटी सरासरी आहे. कुठला न्यूरॉन कुठे पेटला हे ती विसरते. दोन खुणा दोन वेगळ्या न्यूरॉननी पाहिल्या तर त्यांचं एकमेकांशी नातं तिथे हरवतं. शेवटी सरासरीऐवजी मॅप सपाट करून लिनियर लेयर असता तर १३ वरही कदाचित भागलं असतं.

शिवाय १३ हे कागदावरचे १३. दोन ३ × ३ लेयर एका दिशेत घ्या. मधल्या पिक्सेलकडून वर पोचायच्या ३ वाटा, कडेच्या पिक्सेलकडून १. सहा लेयरना एका दिशेत एकूण ७२९ वाटा होतात, त्यातल्या १४१ मधल्या पिक्सेलच्या आणि टोकाच्या पिक्सेलची फक्त १. शिकलेली वेट हे चित्र थोडं बदलतात, पण कल मध्याकडेच राहतो. यावर २०१६ मध्ये लुओ आणि सहकाऱ्यांनी काम केलंय: प्रभाव मध्यावर गोळा होतो आणि कडेकडे घंटेच्या आकारात विरळ होत जातो. म्हणून '१३ दिसतात' म्हणताना टोकाचे दोन-तीन पिक्सेल धरूच नका.

---

दिगंत_७

मला शेअरिंगवरच शंका आहे. फोटोत मांजर कुठेही असू शकतं, ठीक. पण इथे अक्षर मध्यभागी आणून ठेवलेलं आहे आणि शिरोरेषा कायम वर. वरच्या पट्टीला वेगळे फिल्टर आणि खालच्या पट्टीला वेगळे, हे जास्त शहाणपणाचं नाही का? फेसबुकच्या डीपफेसमध्ये (२०१४) चेहरे आधी समोरून सरळ करून घेतले होते आणि मधल्या तीन लेयरमध्ये वेट शेअरच केलेली नव्हती. कारण डोळा जिथे येतो तिथे तोंड कधीच येत नाही.

---

जुनाखांब

मुद्दा खरा आहे. फक्त त्याची किंमत बघा. डीपफेसकडे ४० लाखांहून जास्त चेहरे होते. इथे प्रशिक्षणाला ७८,२०० चित्रं. ताईंच्या बिनपूलच्या नेटवर्कचा सहावा लेयर शेअरिंगशिवाय केलात तर ३६,९२८ च्या जागी सुमारे ३.७८ कोटी वेट होतील. प्रत्येक जागेच्या फिल्टरला फक्त त्याच जागेवरचं शिकायला मिळेल. पूलनंतर ८ × ८ वर केलात तर २३.६ लाख, ते निदान करून बघण्यासारखं आहे.

आणि सामायिक फिल्टरला जागेची काहीच कल्पना नसते असंही नाही. पॅडिंगचे शून्य कडेलाच असतात. सहा लेयर चढेपर्यंत 'मी वरच्या कडेजवळ आहे' ही बातमी कडेपासून सहा पिक्सेल आतपर्यंत झिरपते. शिरोरेषा त्याच पट्ट्यात आहे.

---

दिगंत_७

२३.६ लाख मला परवडतात. तरी मी एकदा करून बघेन, पटलेलं नाही पूर्ण.

---

वाचनमात्र

रिसेप्टिव्ह फील्ड हिशोबाने न काढता मोजता येतं का? मी मधल्या एका आउटपुटवरून बॅकवर्ड चालवलं आणि इनपुटचा ग्रेडियंट जिथे शून्य नाही ते पिक्सेल मोजले. पूलवाल्या नेटवर्कला ३२ च्या जागी बरेच कमी आले.

---

जुनाखांब

मॅक्सपूलमुळे. तो चारांपैकी जिंकलेल्या एकाकडेच ग्रेडियंट पाठवतो, उरलेल्या तिघांना शून्य. रेलूही कित्येक वाटा बंद करतो. तुम्ही मोजलंत ते त्या चित्रापुरतं आहे. पूर्ण आवाका मोजायचा तर मोजण्यापुरती सगळी वेट धन करा आणि मॅक्सपूलच्या जागी ॲव्हरेजपूल ठेवा. खाली `net` म्हणजे फक्त कन्व्होल्यूशन आणि पूलचा भाग.

```python
for p in net.parameters():
    p.data.fill_(0.01)
x = torch.ones(1, 1, 64, 64, requires_grad=True)
y = net(x)
c = y.shape[-1] // 2
y[0, :, c, c].sum().backward()
print((x.grad[0, 0] != 0).any(0).sum())
```

इनपुट मुद्दाम ६४ घेतलाय. ३२ घेतला तर खिडकी कडेबाहेर जाते आणि आकडा कमी येतो.

---

तडकाफडकी

पूलिंगमुळे अक्षर थोडं सरकलं तरी फरक पडत नाही, हे तरी बरोबर ना?

---

जुनाखांब

थोडं कमी बरोबर. २ × २ चा पूल चौकटी ठरलेल्या जागी आखतो. अक्षर एक पिक्सेल सरकलं की चौकटींत वेगळ्या जोड्या पडतात आणि आउटपुट नुसतं सरकत नाही, बदलतं. दोन पूल असले की एकूण स्ट्राइड ४. म्हणजे कडेचा भाग सोडला तर ४ च्या पटीत सरकवल्यावरच मॅप जसाच्या तसा सरकेल. तपासायला सोपं आहे. या डेटात चारी बाजूंना दोन पिक्सेल कोरे आहेत, त्यामुळे चित्र एक-दोन पिक्सेल सरकवून काही कापलं जात नाही. सरकवण्याआधीचे आणि नंतरचे शेवटचे गुण शेजारी ठेवून बघा. घ-ध सारख्या काठावरच्या चित्रांत उत्तर बदललेलं सापडेल. रिचर्ड झांग यांनी २०१९ मध्ये यावर उपाय मांडला होता: आधी स्ट्राइड १ ने मॅक्स, मग थोडं धूसर करायचं आणि मगच एकाआड एक जागा सोडायच्या. धूसर केल्याने रिसेप्टिव्ह फील्ड आणखी थोडं वाढतं, ते हिशोबात धरा.

---

पाटीपेन्सिल

सरकवून पाहिलं. बिनपूलच्या नेटवर्कचे गुण जवळजवळ हलत नाहीत. पूलवाल्याचे हलतात, आणि काही ध चक्क घ होतात.

मग माझ्या सुधारणेचं श्रेय नक्की कशाला द्यायचं? रिसेप्टिव्ह फील्ड वाढलं त्याला, की मॅक्सपूलने रेघा जाड केल्या त्याला?

---

जुनाखांब

वेगळं काढता येतं. पूल काढून टाका आणि सहा लेयरना डायलेशन द्या, म्हणजे फिल्टरचे ९ बिंदू एकमेकांपासून तेवढ्या पिक्सेलवर पसरून ठेवा: १, १, २, २, ४, ४. पॅडिंगही तेवढंच द्या. फिल्टर ३ × ३ च, वेट ७१,७९२ च, मॅप शेवटपर्यंत ३२ × ३२. प्रत्येक लेयरची भर २ गुणिले डायलेशन, म्हणून १ + २ × १४ = २९. पूलवाल्यापेक्षा ३ ने कमी, ते ३ पूलच्या स्वतःच्या भरीचे. गणनेला मात्र वेळ लागेल, कारण शेवटचे दोन लेयर ६४ च्या जागी १,०२४ जागांवर चालणार. घ-ध यातही सुधारले तर श्रेय आवाक्याचं.

---

उसाचं_रान

मी मूळ १० मीटरवर परत आलो, निकाल जागेवर आला. पण आमच्याकडं काही रानं वीस गुंठ्यांची. म्हणजे एका रानात वीस पिक्सेल. ३२ च्या खिडकीत ऊस कमी आणि शेजाऱ्याचं सोयाबीनच जास्त. मग आता आवाका कमी करू का?

---

जुनाखांब

लगेच नको. मध्यावरचा प्रभाव जास्त असतो हे वर लिहिलंय, त्यामुळे ३२ आहे म्हणून सोयाबीन उसाला गिळेलच असं नाही. पण `j` बघा. तो ४ असेल तर मॅपचं एक घर ४० मीटर, आणि तुमचं अख्खं रान साधारण ४५ मीटर बाजूचं. तुमची अडचण खिडकीच्या रुंदीची नसून घरांच्या अंतराची वाटते. एक पूल काढून तिथे डायलेशन द्या.

---

पाटीपेन्सिल

डायलेशनवालं चालवलं. घ-ध पूलवाल्याइतकेच सुधारले, आणि सरकवल्यावर गुणही फारसे हलत नाहीत. पण भ-म सुधारले नाहीत, जवळजवळ १३ वाल्याइतकेच राहिले. भ च्या डोक्यावरची गाठ लोक इतक्या तऱ्हांनी काढतात की तिथे मॅक्सपूलचा उपयोग होत असावा, असा माझा तर्क.

---

जुनाखांब

असेल. किंवा डायलेशन ४ च्या फिल्टरच्या ९ बिंदूंमधल्या मोकळ्या जागांतून गाठ निसटत असेल. वेगवेगळ्या सीडवर पाच वेळा चालवा आणि डायलेशन १, १, २, २, ३, ३ करून बघा, आवाका २५ येईल. तोवर भ-म बद्दल मी काही बोलणार नाही.

---

दिगंत_७

८ × ८ वर बिनशेअरिंगचा लेयर लावून ट्रेनिंग सुरू केलंय. ट्रेनिंग लॉस सुंदर उतरतोय, व्हॅलिडेशन लॉस चढतोय. ड्रॉपआउट वाढवून परत सांगतो.